कावळा पाणी प्याला, कावळ्याने पाणी पिला नाही

(इंदूरमधल्या रविवारच्या मराठी वर्गाच्या पालकांसमोर झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून.)

नमस्कार मंडळी. काही रविवारांपूर्वी तुमच्या मुलांना मी एक काम दिलं होतं. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट साध्या भूतकाळात, दहा-बारा वाक्यांत लिहायची आणि शेवटी तात्पर्य. काही पालकांनी विचारलं, एवढं सोपं काम का? आज एक वही वाचून दाखवते, मग तुम्हीच ठरवा. मुलगा चौथीतला आहे. शाळा हिंदी-इंग्रजीत, मराठी आजीकडून. त्याचं नाव सांगत नाही.

‘एक कावळा होता. तो उडून राहिला होता. त्याला तहान लागली होती. त्याने एक घडा पाहिला. त्याने म्हणाला, पाणी कमी आहे. त्याने खडे टाकले. पाणी वर आला. कावळ्याने पाणी पिला. तात्पर्य: नेहमी खरे बोलावे.’

हसलात ना? मीही हसले. पण त्याचं ‘उडून राहिला होता’ मला खोडवेना. ती आपली इंदुरी मराठी आहे. ‘मी जाऊन राहिले’ मीही घरात म्हणते. लेखी कामात मात्र तिथे ‘उडत होता’ लिहायचं, एवढंच त्याला सांगितलं. आणि ‘उडत होता’ने गोष्ट पुढे सरकत नाही हेही सांगितलं. ‘होता’, ‘उडत होता’, ‘तहान लागली होती’ ही पडदा उघडण्याआधीची मांडामांड आहे. पडदा उघडला की उडाला, दिसली, बसला, घातली. एकेक क्रियापद म्हणजे एकेक पाऊल. सुरुवातीची दोन-तीन वाक्यं सोडून मुलाने पुढेही सगळीकडे ‘होता’ लावलं असेल, तर त्याचा कावळा अजून आभाळातच आहे असं समजा.

आता खरी अडचण, ‘ने’. हिंदीतही ‘ने’ आहे, म्हणून आपल्या मुलांना वाटतं हे तर येतंच. अर्ध्या जागी येतंही. ‘कौए ने कंकड़ डाले’, ‘कावळ्याने खडे टाकले’, जुळलं. पण ‘उसने कहा’ म्हणून ‘त्याने म्हणाला’ लिहिलं की फसलं. मराठीत ‘तो म्हणाला’. ‘ने’ हवाच असेल तर क्रियापद बदलायचं, ‘त्याने म्हटले’. तसंच ‘उसने सीखा’, पण ‘तो शिकला’. ‘कौए ने पानी पिया’, पण ‘कावळा पाणी प्याला’. ही क्रियापदं कर्म घेतात, तरी भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लावू देत नाहीत. म्हणणे, शिकणे, विसरणे, पिणे, जेवणे, बोलणे ही रोजची मंडळी पाठच करून घ्यावी लागतात. ‘त्याने पाणी प्यायलं’ हल्ली पुण्यातही ऐकू येतं हो, त्यावर मी लाल शाई ओतत नाही. पण ‘पिला’ मात्र हिंदीच्या दारातून आलेलं आहे.

दुसरी गंमत लिंगाची. ‘ने’ लागला की क्रियापद कर्त्याकडे पाठ फिरवतं आणि कर्माकडे बघतं. कावळा पुल्लिंगी, पण ‘कावळ्याने चोच घातली’, कारण चोच स्त्रीलिंगी. ‘खडा टाकला’, ‘खडे टाकले’. हिंदीतही असंच चालतं, फक्त तिथे लिंगं दोन आहेत. आपल्याकडे तिसरं आहे आणि पाणी नेमकं तिथे बसतं. म्हणून ‘पाणी वर आला’ नव्हे, ‘आले’. मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली: घडा दिसला, घागर दिसली, मडके दिसले. कावळा तोच, वस्तूही जवळपास तीच, पण क्रियापद तिन्ही वेळा वेगळं. मग पुढचं विचारलं, कावळा कशाच्या काठावर बसला? घड्याच्या, घागरीच्या, मडक्याच्या. एका मुलीने ‘घडाच्या’ लिहिलं होतं, तिचं तिनेच ओठ चावून खोडलं. मग मतदान झालं आणि घागर निवडून आली.

आता तात्पर्य. ‘नेहमी खरे बोलावे’ त्याने का लिहिलं असेल? कारण तात्पर्य म्हणजे शेवटी लिहायचं चांगलं वाक्य, असं त्याला वाटतं. पाच वह्यांत असंच काहीतरी होतं. मी त्याला म्हटलं, बरं, तुझ्या गोष्टीत खोटं कोण बोललं? तो बराच वेळ वही बघत बसला. मग म्हणाला, ‘कोणीच नाही. मग शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ लिहू?’ आई सांगते ना ती म्हण. मी म्हटलं, लिही, पण कावळ्याने शक्ती कुठे लावली ते दाखव. त्याच्या गोष्टीत शक्ती नव्हतीच! कावळ्याने आधी घागर ढकलायला हवी, ती हलायला नको, तेव्हा कुठे युक्ती श्रेष्ठ ठरते. दुसऱ्या मुलीला ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हवं होतं. तिला ढकलणं नको होतं, तिला एक खडा, दुसरा खडा, तिसरा खडा असं रेंगाळायला हवं होतं. गोष्ट एकच, पण कुठल्या क्रियापदावर थांबता त्यावर तात्पर्य बदलतं. आणि गोष्ट भूतकाळात असली तरी तात्पर्य वर्तमानात. ‘युक्ती श्रेष्ठ होती’ म्हटलं की ती फक्त त्या कावळ्यापुरती उरते.

मध्येच एक किस्सा. एकाने घरी स्टीलच्या पेल्यात तळाशी थोडं पाणी घेऊन बागेतले खडे टाकले. पेला खड्यांनी भरला, पाणी काही वर आलं नाही. ‘बाई, गोष्ट खोटी आहे.’ खोटी नाही रे बाबा. गोल खडे कितीही टाकले तरी त्यांच्यामध्ये फटी राहतात, थोडं पाणी असेल तर ते सगळं फटींतच मुरतं. पेला अर्धा भरून पुन्हा कर म्हटलं, तर जमलं. म्हणून आमच्या गोष्टीतलं ‘पाणी तळाशी होते’ आम्ही काढलं.

दोन रविवारांनंतर त्या मुलाची गोष्ट अशी झाली:

‘एक कावळा होता. उन्हाळ्याचे दिवस होते. त्याला फार तहान लागली. तो पाणी शोधत लांब उडाला. एका अंगणात त्याला घागर दिसली. तो घागरीच्या काठावर बसला. त्याने आत चोच घातली, पण पाणी अर्ध्यावर होते. चोच पोचली नाही. त्याने घागर ढकलली. ती हलली नाही. मग त्याला खडे दिसले. त्याने एक खडा उचलला आणि घागरीत टाकला. मग आणखी टाकले. हळूहळू पाणी वर आला. कावळा पोटभर पाणी प्याला आणि उडून गेला. तात्पर्य: शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ.’

ऐकलंत? सगळं सुधारलं आणि ‘पाणी वर आला’ तसंच राहिलं. मी खूण केली तर म्हणाला, ‘बाई, पण नळाला पाणी आला असंच आजी म्हणते.’ आजी इथेच मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्याशी माझं चहाच्या वेळी बोलणं व्हायचं आहे.