पंक्चर काढण्याआधी पंक्चर शोधा

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या मंडळींनी मला सायकल-स्कूटरच्या दुरुस्तीवर तासभर बोला असं सांगितलं. ब्रेक, चेन, प्लग सगळंच घेतलं तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही, म्हणून आज मी फक्त पंक्चर घेतोय. माझ्या दुकानात दिवसभरात येणारी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं हवेच्याच तक्रारीसाठी येतात, आणि त्यांतलं बरंचसं काम घरच्या घरी होण्यासारखं असतं.

आमच्या गल्लीतली एक मुलगी आठवीत आहे. तिच्या सायकलचं मागचं चाक एका आठवड्यात तीनदा बसलं. शाळेच्या वाटेवर तिनं तीनदा पंक्चर काढून घेतलं, दर वेळी चाळीस रुपये. चौथ्या दिवशी तिचे वडील सायकल घेऊन आले आणि म्हणाले, "मामा, ट्यूबच बदला आता, हिच्यात काही दम नाही." नवी ट्यूब दोनशेची. मी ती घातली असती, तर दोन दिवसांत तीही बसली असती.

ट्यूब काढून हवा भरली. तिन्ही पॅच वीतभर जागेत, एकमेकांच्या शेजारी होते आणि तिन्ही ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला होते, म्हणजे टायरच्या बाजूला. तिथेच कळलं की ट्यूबचा दोष नाही. चाकावर वॉल जिथे होता तिथेच वॉल ठेवून ट्यूब टायरवर पुन्हा मांडली, आणि पॅच टायरच्या कुठल्या भागासमोर येतात ते खडूनं टिपून घेतलं. मग एक जुनं सुती फडकं टायरच्या आतून त्या भागावर फिरवलं. बोट कधी फिरवू नका, काच असली तर कापेल. फडक्याचा धागा एका जागी अडकला. बाभळीच्या काट्याचं टोक होतं, ज्वारीच्या दाण्याहून लहान, रबरात रुतून मोडलेलं. टायर हातात धरला की ते बाहेर येत नव्हतं. सायकलवर वजन पडलं, टायर दबला, की बरोबर ट्यूबला टोचायचं. आतून खिळ्याच्या टोकानं ढकललं आणि बाहेरून चिमट्यानं ओढलं. त्यानंतर ती ट्यूब अजून तशीच चालू आहे.

म्हणून ट्यूबवर भोक दिसलं की आधी ते कुठल्या अंगाला आहे ते बघा. बाहेरच्या अंगाला असेल तर टायरमध्ये काटा, खिळा, काच शोधा. आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असेल तर रिमपट्टी सरकलेली असते आणि एखाद्या स्पोकचं डोकं वर आलेलं असतं. तिथे पॅच मारण्याआधी स्पोक कानशीनं घासून रिमपट्टी नीट बसवायची. आणि शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या, साप चावल्यासारख्या, तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती, चाक खड्ड्यात आपटलं आणि ट्यूब रिम नि टायरच्या मध्ये चिमटली. अशा वेळी दोन्ही चिरांवर पुरेल एवढा एकच मोठा पॅच लावा आणि पुढे हवा कमी ठेवू नका.

त्याच्याही आधी एक गोष्ट करा, चाक खोलायच्या आधी. आपल्या साध्या काळ्या सायकलींच्या वॉलमध्ये आत एक बारीक रबरी नळी असते, आपण तिला वॉलट्यूब म्हणतो. ती उन्हानं कडक होते, चिरते आणि हवा हळूहळू सुटत राहते. वॉलवर थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा फुगला तर बहुतेक पंक्चर नाहीच. वॉलचं नट सोडा, आतली दांडी काढा, जुनी नळी ओढून नवी चढवा. पाच रुपयांत काम होतं. नळी चढवताना ओली करा, म्हणजे सरकते.

आता घरी लागणारी हत्यारं. चाकाच्या नटाचा पाना, बहुतेक सायकलींना तो पंधरा नंबरचा बसतो. टायर काढायच्या दोन पट्ट्या, प्लास्टिकच्या असल्या तर उत्तम. पॅचचं पाकीट, सोल्युशनची ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा, हवेचा पंप. ट्यूब पाण्यात बुडवायला परात घरात असतेच. पंप सोडून हे सगळं दोन-अडीचशे रुपयांत येतं. स्क्रू ड्रायव्हरनं टायर काढू नका. एका पंक्चरची दोन होतात. खरं तर चाकही दर वेळी काढायला लागत नाही. टायरची एकच कड बाहेर काढून ट्यूब तेवढीच ओढून घेतली तरी काम होतं. रस्त्यावरचा माणूस दहा मिनिटांत करतो ते याचमुळे.

पॅच बसवताना लोक एकच चूक करतात आणि तीच सगळीकडे करतात. सोल्युशन लावतात आणि लगेच ओल्यावर पॅच दाबतात. हा काही डिंक नाही. त्यातलं पातळ द्रव्य उडून जायला हवं, तेव्हा कुठे रबर रबराला धरतं. भोक पाण्यात शोधलं की जागा कोरडी करा, भोकावर पेनानं फुली मारा. फुली पॅचपेक्षा मोठी मारा, म्हणजे घासल्यावर मधला भाग पुसला तरी टोकं दिसतात. मग पॉलिश पेपरनं घासा, चकाकी जाऊन काळपट मऊसर होईपर्यंत. ट्यूबवर शिवणीसारखी एक उंच रेघ असते, ती पॅचखाली येत असेल तर पूर्ण सपाट करा, नाहीतर तिच्या कडेनं हवा वाट काढते. सोल्युशनचा पातळ थर पॅचपेक्षा थोडा मोठा पसरा आणि थांबा. चार-पाच मिनिटं. तोंडानं फुंकू नका, तोंडातली वाफ बसते. बोटाच्या मागच्या बाजूनं हलकेच लावून बघा: ओलं लागत नाही पण चिकटतं, अशी वेळ आली की पॅच ठेवा आणि मधून कडेकडे अंगठ्यानं जोरात दाबा. कड उचलली जात असेल तर तो पॅच टिकणार नाही, काढा आणि पुन्हा करा.

टायर परत चढवताना वॉलच्या समोरच्या टोकापासून सुरुवात करा आणि वॉलपाशी संपवा. ट्यूबमध्ये जरा हवा असू द्या, म्हणजे ती मुरगळत नाही. शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनीच आत घाला. पट्टी घातली तर तिथेच चिमटा बसतो. मग वॉल एकदा आत ढकलून परत ओढा, दोन्ही बाजूंनी ट्यूब कडेखाली अडकली नाही ना ते बघा, आणि मगच पूर्ण हवा भरा.

स्कूटरकडे येतो. जुन्या चेतकला मागे स्टेपनी असायची, रस्त्यात चाक बदलून माणूस पुढे जायचा. ज्यांच्याकडे अजून तशी गाडी आहे त्यांना एकच सांगतो: तिचं रिम दोन भागांचं असतं, ट्यूबमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्या दोन भागांना जोडणारे नट सोडू नका. दाबाखाली रिम उसळून तोंडावर येतं.

आताच्या बहुतेक स्कूटर ट्यूबलेस आहेत. टायरमध्ये खिळा दिसला आणि तुमच्याकडे ट्यूबलेस पंक्चरचं किट नसेल, तर तो ओढू नका. खिळाच भोक बुजवून बसलेला असतो. हवा भरा आणि हळूहळू दुकान गाठा. पूर्ण बसलेल्या टायरवर मात्र गाडी चालवू नका. टायरची बाजू आतून घासून निघते, आणि तो टायर मग दुरुस्त होत नाही.

किट असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. पकडीनं खिळा ओढताना तो कुठल्या कोनात शिरलाय ते ध्यानात ठेवा, कारण त्याच कोनात रिमर, म्हणजे किटमधली खरखरीत सळई, घालायचा आहे. रिमर चार-पाच वेळा आत-बाहेर फिरवा, भोक गोल आणि खरखरीत होतं. चिकट रबरी दोरी सुईच्या डोळ्यात मधोमध ओवा, सोल्युशन लावा आणि सुई अंगाचा जोर लावून आत ढकला, दोरीची बोटाच्या पेराएवढी टोकं बाहेर राहीपर्यंत. आता सुई न पिळता एका झटक्यात सरळ ओढा. पिळली तर दोरीही बाहेर येते. हवा भरा, साबणाचं पाणी टाका, बुडबुडा नसेल तर वरची टोकं कापा. दोन-तीन मिलिमीटर ठेवा, जमिनीवर घासून ती आपोआप बसतात. ही दोरी फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी आहे. टायरच्या बाजूला भोक असेल, किंवा पेन्सिल जाईल एवढं मोठं असेल, तर दोरी घालू नका. आणि टायरची कड रिमवरून सुटली असेल तर घरच्या पंपानं ती बसणार नाही, कॉम्प्रेसरच लागतो.

दरांचं सांगतो, हे आमच्या भागातले आहेत, मोठ्या शहरात थोडे चढे. सायकलचं पंक्चर तीस ते पन्नास. स्कूटरची ट्यूबलेस दोरी एका भोकाला शंभर ते दीडशे. ट्यूबवाल्या स्कूटरचं मागचं चाक असेल तर जास्त, कारण बऱ्याच गाड्यांचा सायलेन्सर आधी उतरवावा लागतो, ती खरी मेहनत आहे आणि तिचे पैसे मागितले तर घासाघीस करू नका. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायला हवी, तसा नियमच आहे.

पण एक गोष्ट मला फार लागते. माझ्या धाकट्या भावाला हमरस्त्यावर एका ठिकाणी एकाच टायरमध्ये पाच पंक्चर सांगितली आणि साडेसातशे घेतले. घरी आल्यावर मी दोऱ्या बघितल्या: चार एका रांगेत, चार-चार बोटांवर. खिळा एकच निघाला होता. रस्त्यावर खिळे असे ओळीनं लागत नाहीत. पाण्याच्या फडक्याआड हातातल्या टोचणीनं भोकं पाडतात. म्हणून चहाला जाऊ नका, चाकाजवळ उभे राहा. आधी हवा भरायला सांगा, मग हत्यार बाजूला ठेवून पाणी टाकायला सांगा. हात लागायच्या आधी बुडबुडा दिसतो तेच खरं पंक्चर. प्रत्येक भोकातून काय निघालं ते मागून घ्या, आणि दोरी घालण्याआधी आकडा ठरवा.

घरी माणूस बोलवायचा असेल तर आमच्याकडे येण्याजाण्याचे दीडशे-दोनशे वेगळे आणि कामाचे वेगळे घेतात. सायकलसाठी ते परवडत नाही. पण स्कूटर तळघरातल्या पार्किंगमध्ये पूर्ण बसली असेल आणि ढकलत वर न्यायची असेल, तर बोलवा. ढकलण्यात टायरची बाजू गेली तर नवा टायर दीड हजाराच्या आसपास पडतो. फोनवर बोलतानाच टायर ट्यूबलेस आहे की ट्यूबवाला, पुढचा की मागचा, ते सांगा. नाहीतर तो हवं ते सामान न घेता येतो आणि दुसऱ्या फेरीचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतात.