चार घरं आणि ९९ टक्के

(दृश्य : कोरं पान. पेन एक उभी रेघ ओढतं, मग एक आडवी.)

मॉडेलचे अंदाज किती बरोबर, किती चूक हे मांडणारी कन्फ्यूजन मॅट्रिक्स म्हणजे एवढंच. चार घरं. मशीन लर्निंगच्या पेपरात यावरचे गुण जातात ते गणित चुकून नव्हे, आकडा भलत्या घरात पडून.

प्रश्न असा आहे. कार्डाचे १०,००० व्यवहार, त्यांतले १०० फसवणुकीचे. मॉडेलने १५० व्यवहारांना फसवणूक म्हटलं, त्यांतले ६० खरेच तसे निघाले.

सूत्राला इतक्यात हात लावायचा नाही. जे शोधायचं आहे ते पॉझिटिव्ह, म्हणजे इथे फसवणूक. डावीकडे लिहा ‘प्रत्यक्ष’, वर लिहा ‘अंदाज’. ही दोन नावं लिहायला दहा सेकंदं लागतात. ती वाचवू नका.

(दृश्य : पेन एकेक घर भरतं.)

दोन्हीकडे फसवणूक आधी, म्हणून पहिल्या घरात ६०, हे ट्रू पॉझिटिव्ह. त्या रकान्याची बेरीज १५० हवी, म्हणून खाली ९०. हे चांगले व्यवहार, उगाच अडवलेले. वरच्या ओळीची बेरीज १०० हवी, म्हणून शेजारी ४०, हे निसटलेले. उरले ९,८१०. चारही घरांची बेरीज १०,००० आली की पुढे जायचं.

आता प्रिसिजन, म्हणजे अडवलेल्यांत खरी फसवणूक किती : रकान्यातून, ६० भागिले १५०, म्हणजे ०.४०. रिकॉल, म्हणजे एकूण फसवणुकीतली किती पकडली : ओळीतून, ६० भागिले १००, म्हणजे ०.६०. अंश दोन्हीकडे तोच आहे, म्हणूनच छेदाची अदलाबदल होते.

अ‍ॅक्युरसी? बरोबर आलेले सगळे, ६० अधिक ९,८१०, भागिले १०,०००. ९८.७ टक्के.

(दृश्य : शेजारी दुसरा चौकोन. डावा रकाना शून्य, शून्य.)

हे दुसरं मॉडेल काहीच शिकलेलं नाही. प्रत्येक व्यवहाराला ‘ठीक’ म्हणतं. त्याची अ‍ॅक्युरसी ९९ टक्के, पहिल्यापेक्षा जास्त! कारण अ‍ॅक्युरसीत ९,९०० चांगल्या व्यवहारांचं वजन १०० फसवणुकींना दाबून टाकतं. रिकॉल मात्र शून्य. प्रिसिजन शून्य भागिले शून्य, म्हणून ‘अनिश्चित’ असं लिहावं.

हा आकडा परीक्षेपुरता फुगवलेला नाही. युरोपातल्या कार्डधारकांच्या सप्टेंबर २०१३ मधल्या प्रसिद्ध डेटासेटमध्ये २,८४,८०७ व्यवहारांत फसवणुकीचे फक्त ४९२ आहेत. तिथे काहीही न शिकता ९९.८ टक्के मिळतात. निसटलेल्या प्रत्येक व्यवहारामागे कुणाचे तरी पैसे गेलेले असतात.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा.)

```
[[9810   90]
 [  40   60]]
```

तोच चौकोन, पायथनच्या सायकिट-लर्न या लायब्ररीने छापलेला. लेबलं ० आणि १ असली की ० आधी येतो, म्हणून आपले ६० तळाशी उजवीकडे गेले. पेपरात असं आउटपुट दिलं आणि डाव्या कोपऱ्यातले ९,८१० ट्रू पॉझिटिव्ह समजून घेतले, तर प्रिसिजन आणि रिकॉल दोन्ही ०.९९च्या वर येतात. इतकं सुंदर उत्तर आलं की पेन थांबवा आणि ओळींच्या बेरजा करा. १०० ज्या ओळीची बेरीज आहे, ती फसवणुकीची.