किमान दर नेमका कुठे बांधायचा?

नमस्कार. जुन्या नाशकात तांब्या-पितळेचा व्यवसाय करणारे आणि आता तोच माल ऑनलाइन विकणारे बरेच व्यापारी आज समोर आहेत, म्हणून उदाहरण तांब्याच्या एक लिटरच्या बाटलीचेच घेतो. एकाच कारखान्याची एकच बाटली पाच विक्रेते एकाच पानावर विकतात आणि ग्राहकाने ‘खरेदी करा’ म्हटले की ऑर्डर त्यांच्यापैकी एकाला जाते. ती जागा, म्हणजे बाय बॉक्स, मिळवण्यात भावाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे स्पर्धकाचा भाव पाहून आपला भाव आपोआप बदलणारा नियम, म्हणजे रिप्राइसिंग, आपण लावतो. नियमाला स्पर्धकाचा भाव दिसतो. आपल्याला तो भाव पडतो का, हे मात्र त्याला आपणच सांगावे लागते. ते सांगण्याची जागा म्हणजे किमान दर.

हा दर अंदाजाने भरू नये. बाटलीची खरेदी ४३० रुपये धरा, खोका आणि पॅकिंग २०, कुरिअर आणि प्लॅटफॉर्मचे ठरावीक शुल्क मिळून ९५. तांब्याच्या बाटलीला वाटेत पोचा पडतो आणि ती परत येते. शंभरात आठ परत आल्या आणि प्रत्येकीमागे सरासरी ३०० रुपये गेले, तर विकलेल्या प्रत्येक बाटलीवर सुमारे २५ रुपयांचा भार येतो. यात दुकानभाडे, पगार यांच्यासाठी बाटलीमागे निदान ३० रुपये उरावेत असे ठरवले, तर बेरीज ६०० होते. यावर विक्रीच्या रकमेच्या १० टक्के कमिशन आणि भावात मिळवलेला ५ टक्के जीएसटी धरू. हे दर केवळ उदाहरणापुरते आहेत. आपल्या मालाचे दर आपल्या सीएकडून आणि प्लॅटफॉर्मच्या शुल्कपत्रकावरून घ्यावेत.

इथे बहुतेकांचा हिशेब घसरतो. ६०० वर १५ टक्के चढवून ६९० हा किमान दर लिहिला जातो. परंतु कमिशन ६०० वर लागत नाही, ग्राहक जी रक्कम देतो तिच्यावर लागते. ६९० मधून ६९ रुपये कमिशन आणि सुमारे ३३ रुपये कर वजा केला की ५८८ उरतात, म्हणजे जे ३० रुपये राखायचे होते त्यातले १२ गेले. भाव उलट बाजूने काढला पाहिजे: १०० रुपयांच्या विक्रीतून १० कमिशनचे आणि, १०५ मध्ये ५ या हिशेबाने, ४.७६ कराचे गेले की ८५.२४ हातात राहतात, म्हणून ६०० ला ०.८५२४ ने भागायचे. उत्तर ७०४ येते.

```
किमान दर = 600 / (1 - 0.10 - 0.0476) = 704
```

या ७०४ वर दोन बाजूंनी घाव बसतो. पहिला कूपनचा. किमान दराची चौकट भावाच्या रकान्यावर असते. त्यावर वेगळे लावलेले कूपन ती चौकट बहुधा पाहत नाही. भाव ७०४ वर असताना ५ टक्क्यांचे कूपन चालू राहिले, तर ग्राहक ६६९ देतो आणि आपण राखलेले ३० रुपये जवळजवळ पूर्ण संपतात. ज्या मालावर कूपन चालू आहे, त्याचा किमान दर तेवढा वर उचलूनच ठेवावा. दुसरा घाव तांब्याच्या बाजारभावाचा. कारखान्याने नवी खेप ४६० रुपयांनी दिली, तर दर ७३९ वर जायला हवा, म्हणजे खरेदीतले ३० रुपये किमान दरात सुमारे ३५ होऊन येतात. जुना साठा स्वस्तात घेतला होता म्हणून जुनाच दर चालू ठेवणे मला पटत नाही, कारण विकलेल्या बाटलीच्या जागी येणारी बाटली नव्या भावानेच घ्यावी लागते.

आता नियमाकडे वळू. आपला नेहमीचा भाव ८४९ आहे, स्पर्धकाचा ८२९, आणि ‘सर्वांत कमी भावापेक्षा २ रुपये कमी’ असा नियम आपण लावला. स्पर्धकानेही तसाच लावला असेल, तर दोघे आळीपाळीने दोन-दोन रुपये उतरत जातात. प्रत्येक बदलाला पंधरा मिनिटे लागली, तरी ८२९ वरून ७०४ पर्यंत यायला साडेपंधरा तास पुरतात. एवढ्या वेळात बाजारात काहीही बदललेले नसते, आणि तरीही बाटलीमागचे १०० हून अधिक रुपये दोघांच्याही हातून गेलेले असतात. म्हणून मी ‘कमी’ऐवजी ‘बरोबर’ हा शब्द नियमात ठेवायला सांगतो: स्पर्धकाच्या भावाशी बरोबरी करावी, आणि तीही सर्वांशी नव्हे. ज्याच्याकडे माल शिल्लक आहे, जो आपल्याइतक्याच दिवसांत पोहोचवतो आणि ज्याचे रेटिंग आपल्या जवळपास आहे, त्याच्याशीच. आणि तुलना करताना डिलिव्हरीचे पैसे धरून.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यापुढचा आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. स्पर्धक ६८० वर गेला तर आपला भाव कुठे उभा राहतो? पुष्कळ नियम अशा वेळी ७०४ वर येऊन थांबतात. ही सर्वांत वाईट जागा आहे, कारण ६८० समोर असताना ७०४ ला ऑर्डर सहसा मिळत नाही, आणि जी चुकून मिळते तिच्यात फक्त ३० रुपये असतात. किमान दराखाली गेलेल्या स्पर्धकाला नियमाने मोजणेच सोडून द्यावे आणि त्याच्या वरच्या, समजा ७९९ च्या विक्रेत्याशी बरोबरी करावी. तसा कोणी नसेल तर ८४९ वर परतावे. ६८० वाल्याकडे थोडाच माल असेल तर तो संपेल, आणि त्या वेळी आपण योग्य भावाला उभे असू. पहाटे विक्री कमी असते, तेव्हा रोज एकदा भाव नेहमीच्या जागी नेण्याचाही उपयोग होतो: समोरचाही नियमानेच चालत असेल तर तोही आपल्यामागे वर येतो. मात्र त्याला फोन करून ‘दोघेही ८०० च्या खाली जाऊ नये’ असे ठरवणे हे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली येते. जाहीर भाव पाहून स्वतःचा भाव ठरवणे वेगळे आणि आपसात भाव बांधणे वेगळे, हे असोसिएशनच्या बैठकांतही लक्षात असू द्यावे.

किमान दर फक्त रिप्राइसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून भागत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला आणि अमेझॉनवर अनेक छोट्या विक्रेत्यांचा माल तासभर एका पेनीला विकला गेला. म्हणून तोच आकडा प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या रकान्यातही भरावा; अमेझॉनच्या किंमत-फाइलमध्ये तो `minimum-seller-allowed-price` या नावाने असतो. शेजारचा कमाल दराचा रकानाही रिकामा ठेवू नये. २०११ साली दोन विक्रेत्यांचे नियम एकमेकांच्या भावाला गुणत राहिले आणि माश्यांच्या जीवशास्त्रावरील एका पुस्तकाचा भाव २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेला होता.

नियम नीट चालतो आहे का, हे विक्रीच्या आकड्यावरून कळत नाही, कारण भाव उतरला की विक्री वाढतेच. दर आठवड्याला सेटलमेंट रिपोर्टमधून किमान दराच्या आसपास गेलेल्या चार-पाच ऑर्डरी काढाव्यात आणि खात्यात खरोखर किती रक्कम आली ते पाहावे. आपल्या उदाहरणात कर बाजूला काढल्यावर आणि कमिशन व ९५ रुपये वजा झाल्यावर ५०५ हातात राहायला हवेत. टीसीएस आणि टीडीएसची कपात यात धरू नये, ती पुढे जमा मिळते. तरीही आकडा ४९० च्या घरात येत असेल, तर आधी कुरिअरचा रकाना तपासावा. पुष्कळदा कुरिअरचे शुल्क घनफळाच्या वजनावर असते: २८×१०×१० सेंटिमीटरच्या खोक्याचे घनफळ ५००० ने भागले की ५६० ग्रॅम येतात, म्हणजे बाटली खोक्यासह ३५० ग्रॅमची असली तरी अर्ध्या किलोच्या पुढचा दर लागतो. खोका २७×९×९ चा केला की हेच वजन ४३७ ग्रॅम होते. खोका बदलता येत नसेल, तर तो वाढीव दर ९५ च्या जागी घालून भागाकार पुन्हा करावा आणि येणारा किमान दर दोन्ही ठिकाणी त्याच दिवशी भरावा.