नाशिकच्या द्राक्षांचं बिल आणि डॉलरची टोपली

(नाशिक परिसरातल्या द्राक्ष निर्यातदारांपुढे दिलेलं व्याख्यान, संपादित करून)

मंडळी, नमस्कार. मी बरीच वर्षं बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर काम केलं. तिथे सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न हा, की "साहेब, टीव्हीवर सांगतायत डॉलर इंडेक्स वाढला, रुपया पडला. म्हणजे माझे पैसे वाढले ना?" आणि कितीतरी वेळा मला सांगावं लागलं, की नाही, तुमचे कमी झाले. समोरच्याचा विश्वास बसायचा नाही. आज तेवढा एकच गुंता मला तुमच्यासमोर सोडवायचा आहे.

२०२२ सालचा हंगाम घेऊ. समजा तुम्ही फेब्रुवारीच्या सुरुवातीला रॉटरडॅमला माल पाठवला आणि एक लाख युरोचं बिल केलं. त्या दिवशी एका युरोला साधारण ८४ रुपये ५० पैसे मिळत होते. म्हणजे हिशेबात तुम्ही साडेचौऱ्याऐंशी लाख धरले. पैसे आले मेच्या मध्याला. मधल्या साडेतीन महिन्यांत डॉलर ७४.८० वरून ७७.५० रुपयांवर गेला होता, म्हणजे रुपया पडला होता. पण तुमचा युरो विकला गेला साधारण ८०.५० रुपयांना. हातात आले साडेऐंशी लाख, चार लाख कमी. त्याच दिवसांत ज्याचं तेवढ्याच किमतीचं बिल डॉलरमध्ये होतं, एक लाख तेरा हजार डॉलरचं, त्याला मिळाले सुमारे साडेसत्त्याऐंशी लाख. माल सारखा, दिवस सारखे, आणि फरक सात लाखांचा.

हे कसं झालं ते समजायला डॉलर इंडेक्सच्या आत डोकवावं लागतं.

डॉलर इंडेक्स म्हणजे डॉलरची सहा चलनांशी एकत्र केलेली तुलना. त्या टोपलीत युरोचं वजन ५७.६ टक्के आहे. त्यानंतर जपानी येन १३.६, ब्रिटिश पौंड ११.९, कॅनडाचा डॉलर ९.१, स्वीडनचा क्रोना ४.२ आणि स्विस फ्रँक ३.६. बस, एवढंच. यात रुपया नाही. चीनचं युआन नाही, मेक्सिकोचा पेसो नाही. अमेरिकेचा सगळ्यात मोठा व्यापार ज्या देशांशी चालतो त्यांतले दोन बाहेर, आणि स्वीडन मात्र आत, याचं कारण टोपलीचं वय. ती १९७३ सालच्या जगाची आहे. मार्च १९७३ ला आकडा १०० धरला गेला. त्यानंतर टोपली एकदाच बदलली, १९९९ मध्ये, तीही युरो आला म्हणून: जर्मन मार्क, फ्रेंच फ्रँक, इटालियन लिरा, डच गिल्डर आणि बेल्जियन फ्रँक यांची वजनं एकट्या युरोच्या खात्यात गेली. युरोचं पारडं इतकं जड का, त्याचं उत्तर हेच.

आता सूत्र एकदा पाहून घ्या, यात DXY म्हणजे आपला डॉलर इंडेक्सच. घाबरू नका, पाठ करायचं नाहीये.

```
DXY = 50.14348112 × EURUSD^-0.576 × USDJPY^0.136
      × GBPUSD^-0.119 × USDCAD^0.091
      × USDSEK^0.042 × USDCHF^0.036
```

यात दोन गोष्टी बघा. युरो आणि पौंडाच्या घातांकाला वजाचं चिन्ह आहे. कारण बाजारात हे दोन भाव उलटे बोलले जातात: एका युरोला किती डॉलर, एका पौंडाला किती डॉलर. बाकीचे बोलले जातात एका डॉलरला किती येन, किती फ्रँक. वजाच्या चिन्हामुळे सगळ्यांची तोंडं एका दिशेला होतात. सुरुवातीचा तो लांबलचक आकडा फक्त मार्च १९७३ ला उत्तर १०० यावं म्हणून आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. समजा टोपलीत दोनच चलनं आहेत, निम्म्या-निम्म्या वजनाची. एकासमोर डॉलर दुप्पट झाला, दुसऱ्यासमोर निम्मा. साधी सरासरी काढली तर २ आणि अर्धा मिळून अडीच, भागिले दोन, सव्वा. म्हणजे डॉलर २५ टक्के वधारला असं दिसेल, आणि ते खोटं असेल, कारण एकीकडे जेवढं मिळालं तेवढंच दुसरीकडे गेलं. गुणाकाराने उत्तर बरोबर १ येतं. डॉलर होता तिथेच आहे.

आणि वजनाचा परिणाम केवढा असतो ते बघा. बाकी सगळं स्थिर ठेवून एकटा युरो डॉलरसमोर १० टक्के पडला, तर १०० वरचा इंडेक्स जातो सुमारे १०६.३ वर. त्याऐवजी एकटा क्रोना १० टक्के पडला, तर १००.४. स्वीडनमध्ये केवढीही उलथापालथ झाली तरी इंडेक्स जेमतेम हलतो. म्हणून मी माझ्या टेबलावरच्या नव्या मुलांना सांगायचो, इंडेक्स हलला की आधी युरो बघा, मग येन. निम्म्याहून जास्त वेळा कारण तिथेच सापडतं.

आता परत आपल्या द्राक्षांकडे. फेब्रुवारी २०२२ च्या सुरुवातीला इंडेक्स ९६ च्या आसपास होता, मेच्या मध्याला तो १०५ च्या जवळ गेला. साधारण पावणेनऊ टक्के वाढ. मी ती फोडून पाहिली. युरो १.१३ डॉलरवरून १.०४ वर आला होता, आणि पूर्ण वाढीतला निम्म्याहून अधिक वाटा त्या एकट्याचा होता. येन ११५ वरून १२९ वर घसरला होता, त्याने जवळपास पाचवा हिस्सा दिला. पौंडाने सातवा. कॅनडा, स्वीडन आणि स्वित्झर्लंड मिळून किरकोळ.

कारणंही त्या त्या देशांतली होती. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि रशियाच्या गॅसवर चालणाऱ्या युरोपाचा श्वास कोंडला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्चमध्ये पाव टक्का आणि मेमध्ये अर्धा टक्का व्याजदर वाढवला. जपानने दर शून्याजवळच ठेवले. पैसा जिथे व्याज जास्त आणि धोका कमी तिथे गेला.

या सगळ्यात रुपयाचं काय झालं? डॉलरसमोर तो साडेतीन टक्के घसरला, आणि युरो आठ टक्के. दोघंही पडले, पण युरो जास्त खोल पडला. म्हणून युरोच्या तुलनेत रुपया उलट वर आला. "रुपया पडला" ही बातमी खोटी नव्हती, पण ती डॉलरवाल्याची बातमी होती. तुमचं बिल युरोत होतं. युरो-रुपयाचा भाव म्हणजे दोन भावांचा गुणाकार: एका युरोला डॉलर किती, गुणिले एका डॉलरला रुपये किती. १.१३ गुणिले ७४.८०, साडेचौऱ्याऐंशी. १.०४ गुणिले ७७.५०, साडेऐंशी. डॉलर इंडेक्स यातल्या पहिल्या तुकड्याबद्दल बरंच काही सांगतो. दुसऱ्याबद्दल काहीच सांगत नाही.

इतरांना या वाढीची झळ कशी लागते? कच्च्या तेलाचं बिल बहुतेक डॉलरमध्ये होतं. पिंप १०० डॉलरचंच राहिलं असं धरा. युरोपातल्या कारखान्याला फेब्रुवारीच्या भावाने ते साडेअठ्ठ्याऐंशी युरोला पडत होतं, मेच्या भावाने शहाण्णव युरोला. तेलाचा भाव एक सेंटही न वाढता. आपल्यालाही ७,४८० चे ७,७५० रुपये. ज्या देशांनी डॉलरमध्ये कर्ज घेतलं आहे आणि कमाई स्वतःच्या चलनात आहे, त्यांचा हप्ता असाच बसल्या जागी फुगतो.

अजून एक परिणाम आहे, तो लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेची गंगाजळी डॉलरमध्ये मोजली जाते, पण ती सगळी डॉलरमध्ये ठेवलेली नसते. त्यात युरो आहे, पौंड आहे, येन आहे. डॉलर वधारला की तेवढेच युरो डॉलरच्या हिशेबात कमी भरतात. २०२२ मध्ये गंगाजळी घटतेय म्हणून खूप काळजी व्यक्त झाली होती. ३० सप्टेंबर २०२२ च्या पतधोरण निवेदनात गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी सांगितलं, की त्या आर्थिक वर्षातल्या घटीपैकी सुमारे ६७ टक्के भाग फक्त मूल्यांकनाचा होता, म्हणजे डॉलर वधारल्यामुळे आणि अमेरिकी रोख्यांवरचा परतावा वाढल्यामुळे. ती काळजी निराधार नव्हती, पण तिजोरीतून प्रत्यक्ष बाहेर गेलेला पैसा एक तृतीयांशच्या आसपास होता. त्याच आठवड्यात इंडेक्स ११४ च्या वर जाऊन आला होता, वीस वर्षांतला सर्वांत वरचा आकडा.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही घरी जाऊन इंडेक्सवर रुपयाचा अंदाज बांधायला लागाल. २०२५ च्या जानेवारीत इंडेक्स ११० ला टेकला आणि वर्षाच्या मध्याला ९७ पर्यंत उतरला. डॉलर इतका उतरला, तर रुपयाने वर यायला हवं होतं ना? तो सप्टेंबरमध्ये ८८ च्या पलीकडे गेला होता, वर्षाच्या सुरुवातीपेक्षा कमजोर. कारण तो या टोपलीत नाहीच. त्याच्यावर ओझं होतं ते अमेरिकेने आपल्या मालावर लावलेल्या आयात शुल्काचं आणि परदेशी गुंतवणूकदारांनी इथून काढलेल्या पैशाचं. युरो त्या काळात ८८ रुपयांवरून १०३ वर गेला. २०२२ च्या नेमकं उलट: या वेळी युरोत बिल करणारा फायद्यात होता. रुपया ज्यात आहे अशी टोपली हवी असेल, तर अमेरिकेची मध्यवर्ती बँक २६ चलनांचा वेगळा व्यापक निर्देशांक काढते आणि त्याची वजनं दरवर्षी व्यापारानुसार बदलते. टीव्हीच्या पट्टीवर तो दिसत नाही, एवढंच.

शेवटची गोष्ट फॉरवर्डची, म्हणजे पुढच्या तारखेला चलन कोणत्या भावाने विकायचं हे आजच बँकेशी ठरवून ठेवण्याची, कारण यात मी माणसं पोळलेली पाहिली आहेत. बिल युरोत असताना काही जण डॉलरचं फॉरवर्ड विकतात, "शेवटी सगळं डॉलरवरच चालतं" म्हणून. आपल्याच उदाहरणात बसवून बघा. फेब्रुवारीत तुम्ही मेसाठी एक लाख तेरा हजार डॉलर ७५.७५ ला विकून ठेवलेत. मेमध्ये बाजारात डॉलर ७७.५०. दर डॉलरमागे पावणेदोन रुपये खिशातून, म्हणजे जवळपास दोन लाख. आणि युरोत गेलेले चार लाख वेगळेच, कारण युरो-डॉलरचा तुकडा तुम्ही उघडाच ठेवला होता. संरक्षण म्हणून घेतलेल्या कागदाने चारचे सहा केले. बँकेत जाल तेव्हा युरो-रुपयाचं फॉरवर्ड मागा, बिलाच्या रकमेचं आणि पैसे यायच्या तारखेचं. टेबलावरचा माणूस दोन्ही तुकडे एकत्र बांधून भाव देतो, आणि तो भाव लिहून घेतलात की इंडेक्स ९६ वर आहे की १०५ वर, त्या कंटेनरपुरता तुम्हाला फरक पडत नाही.