आगोटीची सुकी मासळी आणि गाऊट

(कोकणातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

उपस्थित श्रोतेहो,

गाऊटच्या रुग्णाला काय खाऊ नका असे विचारले तर आपल्याकडे ठरलेले उत्तर मिळते: मटण सोडा, डाळ सोडा, पालक सोडा, टोमॅटो सोडा. या यादीत सुक्या मासळीचे नाव सहसा नसते. मासळीच्या बंदीमुळे आणि खवळलेल्या समुद्रामुळे जून-जुलैमध्ये ताजे मासे दुर्मीळ होतात. तेव्हा मे महिन्यातच आगोटीसाठी भरून ठेवलेला जवळा, सोडे, सुके बोंबील आणि खारा बांगडा यांवरच आपले स्वयंपाकघर चालते. आजच्या व्याख्यानात प्रामुख्याने याच मासळीविषयी बोलायचे आहे, कारण गाऊट असलेल्या माणसाने आपल्या ताटातून सर्वांत आधी कशाला कात्री लावावी, याचे माझे उत्तर मटणाच्या वाडग्यापेक्षा सुक्या मासळीच्या डब्याकडे जाते.

प्रत्येक पेशीच्या केंद्रकात आणि स्नायूंतील ऊर्जेच्या साठ्यात प्युरीन नावाचे घटक असतात. ते शरीरात मोडले की शेवटी युरिक ॲसिड तयार होते. याचा मोठा भाग, साधारण दोन तृतीयांश, आपल्या स्वतःच्या पेशींच्या झिजेतून येतो आणि उरलेला अन्नातून. मूत्रपिंडे आणि आतडी ते बाहेर टाकतात. रक्तातले प्रमाण दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत, बहुधा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, साचू लागतात. मग एखाद्या रात्री गाऊटचा झटका येतो: सांधा लालबुंद होतो, सुजतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. ज्यांचे युरिक ॲसिड वाढले आहे त्या सर्वांनाच गाऊट होतो असे नाही, पण ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांना ही पातळी ६ च्या खाली ठेवावी लागते.

आता मासळीकडे वळू. जिथे पेशी दाटीवाटीने असतात तिथे प्युरीन जास्त असते. म्हणूनच कलेजी, गुर्दा हे अवयव या यादीत बरेच वर आहेत. जपानमधील मोजमापांत कोंबडीच्या १०० ग्रॅम कलेजीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक प्युरीन आढळले, तर तिच्याच छातीच्या मांसात सुमारे १४०. याउलट कोंबडीचे अंडे आकाराने कितीही मोठे दिसले तरी त्यातले प्युरीन जवळजवळ शून्य असते. लहान मासळी आपण पोटासकट, कातडीसकट आणि डोक्यासकट खातो, म्हणजे तिच्याबरोबर तिचे यकृत आणि आतडीही पोटात जातात. मोठ्या सुरमईची तुकडी खाताना तसे होत नाही, कारण ती आधी साफ केलेली असते.

सुकवण्याची गोष्ट यापुढची आहे. ऊन लागले म्हणून मासळीत प्युरीन नव्याने तयार होत नाही. ताज्या मासळीच्या वजनाचा साधारण तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. ते उडून गेले की बाकी सर्व लहानशा वजनात दाटून बसते. पाण्याने जड असलेले ओले बोंबील वाळल्यावर किती हलके होतात हे इथे कोणाला सांगायला नको. म्हणजे जवळ्याची एक मूठ आपण चिमूटभर मसाल्याच्या हिशोबाने खातो, पण प्युरीनच्या दृष्टीने ती ताज्या मासळीच्या तीन-चार मुठींची असते. आपल्या मांदेलीच्या कुळातली लहान मासळी जपानात उकडून सुकवतात आणि तिच्या १०० ग्रॅममध्ये जवळपास ७५० मिलिग्रॅम प्युरीन मोजले गेले आहे. त्याच मोजमापांत तारलीच्या जातीच्या ताज्या मासळीत सुमारे २१०, बांगड्याच्या जातीत सुमारे १२०, माकुलात १८०-१९०, तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांत १४५ च्या आसपास, आणि कोलंबीत जातीनुसार १४० ते २७० असे आकडे येतात. आपल्या खाडीतल्या जातींचे आकडे थोडे वेगळे असू शकतात, मात्र क्रम साधारण हाच धरून चालावे. गाऊट असलेल्यांनी दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, असे जपानी मार्गदर्शनात म्हटले आहे.

एका रुग्णाचे उदाहरण घेतो, ओळख अर्थातच वगळून. पन्नाशीतले हे गृहस्थ देवगडच्या बाजूचे. अंगठ्याचा तिसरा झटका आला तेव्हा त्यांनी मटण, तूरडाळ आणि पालक सोडून बरेच दिवस झाले होते, आणि इतके पथ्य पाळूनही दुखणे परतले याचा त्यांना राग होता. तक्रार माझ्यापेक्षा त्यांच्या पत्नीवरच अधिक होती. मी म्हटले, "वहिनी, पथ्याचे राहू द्या, आधीच्या दोन दिवसांत ताटात काय काय होते ते सांगा." शनिवारी सकाळी भाकरीबरोबर जवळ्याची किसमूर, दुपारी भातावर सुक्या बोंबलाचे कालवण, रात्री भाजलेला खारा बांगडा. रविवारी पाहुणे होते, म्हणून "पथ्यातली" कोंबडी, सोबत तिची कलेजी आणि बियरच्या दोन मोठ्या बाटल्या. सोमवारी पहाटे अंगठा पेटला.

हिशोब आम्ही कागदावर मांडला. जपानी सुक्या मासळीचाच आकडा लावून जवळा पंचवीस ग्रॅम धरला तरी त्याचे सुमारे १९० मिलिग्रॅम होतात. बोंबील आणि खारा बांगडा यांचे सावधपणे प्रत्येकी शंभर धरले. शनिवारीच मर्यादा जवळजवळ गाठली होती, आणि त्यांच्या मते त्या दिवशी त्यांनी "काहीच" खाल्ले नव्हते. रविवारी २०० ग्रॅम कोंबडीचे सुमारे २६०, पन्नास ग्रॅम कलेजीचे दीडशे, बियरचे साठ-सत्तर, म्हणजे जवळपास ४८०. दारू तर दोन्ही बाजूंनी मारते: ती युरिक ॲसिडची निर्मिती वाढवते आणि मूत्रपिंडातून त्याचे बाहेर जाणेही अडवते. बियरमध्ये स्वतःचे प्युरीनही असते. अमेरिकेत ६३३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हीच दोन दिवसांची मुदत तपासली होती. दोन दिवसांत सर्वाधिक प्युरीन खाणाऱ्या गटात पुन्हा झटका येण्याची शक्यता सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. वनस्पतीजन्य प्युरीनचा परिणाम मात्र प्राणिजन्य प्युरीनपेक्षा पुष्कळच कमी होता. तेव्हा त्यांनी सोडलेली डाळ निर्दोष होती, आणि न सोडलेली किसमूर नव्हती.

याच ठिकाणी एक पळवाट मी वारंवार ऐकतो. "डॉक्टर, मी तुकडी खात नाही, नुसता रस्साच घेतो." हे पथ्य उलटेच झाले. प्युरीनचा बराचसा भाग पाण्यात विरघळतो, त्यामुळे मांस किंवा मासळी शिजली की तो कालवणात उतरतो. तुकडी बाजूला ठेवून रस्सा ओरपणाऱ्याने प्युरीन टाळले असे होत नाही. तिसऱ्यांचे सार आणि पायाचे सूप यांच्या बाबतीत तर तेच सार प्यायला घेतलेले असते, म्हणून झटका येऊन गेलेल्या माणसाने ते बंदच करावे असे माझे मत आहे. याच गुणाचा उपयोग उलट दिशेनेही होतो. सुके बोंबील किंवा खारा बांगडा गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले, तर मिठाबरोबर थोडे प्युरीनही निघून जाते. थोडेच, म्हणून त्यावर विसंबून प्रमाण वाढवू नये. आणि सोलकढी प्यायल्याने हे सर्व धुऊन निघते, असा समज असलेली मंडळी या सभागृहातही असतील. जेवणानंतर ती जरूर प्यावी, चांगली लागते, पण सांध्यातले स्फटिक तिने विरघळत नाहीत.

मग काय खावे? या गृहस्थांसाठी आम्ही जी आखणी केली ती सांगतो. जवळा आणि सोडे महिन्यातून एक-दोनदा, तेही चटणीत चमचाभर. तारली, मांदेली आणि पेडवे क्वचित. कलेजी, गुर्दा आणि वजरी नाही. सुरमई, पापलेट यांसारख्या साफ केलेल्या मासळीची तळहाताएवढी एक तुकडी दिवसातून एकदा, आठवड्यातून तीन-चार वेळा, आणि त्या दिवशी दुसरे मांस नाही. कोलंबी, कालवे, तिसऱ्या, माकूल हे मधल्या गटाचे पदार्थ एकत्र एकाच दिवशी नको. मटण आणि कोंबडी यांच्या मांसात प्युरीनचा फार मोठा फरक नाही. कोंबडी "हलकी" आहे म्हणून दुप्पट वाढून घेण्यात नुकसानच आहे. अंडी, दही, ताक, डाळी आणि पालेभाज्या परत ताटात आल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, सत्तेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीत मांस आणि सागरी अन्न सर्वाधिक खाणाऱ्यांत गाऊट अधिक, दुग्धजन्य पदार्थ अधिक घेणाऱ्यांत कमी आढळला होता, आणि प्युरीनयुक्त भाज्यांचा संबंध दिसला नव्हता. मासळी पूर्ण सोडा असे मी कोणाला सांगत नाही. हृदयाच्या दृष्टीने ती उपयोगी आहे आणि कोकणात ते पाळलेही जात नाही.

तपासणीविषयी एक सावधगिरी. झटक्याच्या ऐन भरात युरिक ॲसिड पुष्कळदा सामान्य दिसते आणि त्यावरून गाऊट नाही असा निष्कर्ष काढला जातो. दुखणे शमल्यावर किमान दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावे. सांधा सुजलेला असून ताप आणि थंडी असेल, तर मासळीचा हिशोब करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जंतुसंसर्गानेही सांधा असाच दिसतो.

आहाराची ताकदही मोजून सांगायला हवी. नीट पथ्य पाळले तर युरिक ॲसिड साधारण एक मिलिग्रॅमने उतरते, क्वचित अधिक. या गृहस्थांचे झटका ओसरल्यावर ९.१ होते, पथ्यानंतर तीन महिन्यांनी ८.२ झाले. त्यांच्या पत्नीने विचारले, "म्हणजे जवळा बंद करून उपयोग नाही झाला?" झाला, पण ६ च्या खाली आणायला पुरणारा नव्हता, कारण मोठा वाटा शरीर स्वतःच तयार करत होते आणि मूत्रपिंडे तो पुरेसा बाहेर टाकत नव्हती. मूत्रपिंडाची तपासणी करून ॲलोप्युरिनॉलची गोळी अल्प मात्रेने सुरू केली आणि टप्प्याटप्प्याने वाढवली, कारण पातळी एकदम खाली आली तर त्यानेही झटका उसळतो. आता ते ५.६ वर आहेत, गोळी चालू आहे, आणि जवळ्याच्या चटणीचा चमचा महिन्यातून दोनदा ताटात येतो.