दाढीची रेघ जबड्यावर नाही, गळ्यावर

दाढी वाढवलेली आहे की नुसती वाढली आहे, हे बघणाऱ्याला गालावरून कळत नाही, गळ्यावरून कळतं. म्हणून आज माझा बराचसा वेळ मी हनुवटीच्या खालच्या भागावर घालवणार आहे.

दाढी कोरायला बसलेला माणूस सहसा पहिली चूक करतो ती रेघेच्या जागेची. आरशात जबड्याचं हाड दिसतं, ते सरळ असतं, म्हणून ट्रिमर त्याच्याच कडेने फिरतो. मान वर करून पाहिलं तर काम झकास दिसतं. मग मान सरळ होते, हनुवटीखालचं मांस पुढे येतं, आणि त्यावर एकही केस नसतो. बारीक माणसालासुद्धा दुहेरी हनुवटी असल्यासारखी वाटते, कारण जबड्याखालची सावली धरणारे केसच आपण काढून टाकलेले असतात.

मग रेघ कुठे हवी? मान सरळ ठेवा, नजर समोर. कंठमणी बोटाने चाचपा आणि त्याच्या वर एक बोट आडवं ठेवा. मान लांब असेल तर दोन. बोटाच्या वरच्या कडेला जो बिंदू येतो, तो तुमच्या दाढीचा तळ. हनुवटीखालचा आडवा भाग संपून गळ्याचा उभा भाग सुरू होतो, ती घडीही साधारण तिथेच सापडते. या बिंदूपासून दोन्ही बाजूंना जबड्याच्या मागच्या कोपऱ्याखालून वळत, कानामागे जाणारी वाटोळी रेघ कल्पा. कोपऱ्यापाशी ती हाडाच्या बोटभर खालीच राहिली पाहिजे. तिथे घाईत वर चढलात तर बाजूने पाहणाऱ्याला दाढी मध्येच कापल्यासारखी दिसते.

आता हत्यार. केस कोरडे हवेत. ओले केस चिकटून बसतात, मग वाळल्यावर भलतेच टोक काढतात. ट्रिमरचा गार्ड काढा, पातं उलटं धरा आणि मधल्या बिंदूपासून सुरुवात करा. आधी मधून एका कानाकडे, मग पुन्हा मधूनच दुसऱ्या कानाकडे. एका कानापासून निघून थेट दुसऱ्यापर्यंत गेलात तर रेघ हमखास तिरकी येते. रेघ मान सरळ ठेवून आखायची; खालची सफाई करताना मात्र मान वर करून कातडी ताणायला हरकत नाही. रेझर केसांच्या दिशेनेच फिरवा. गळ्यावरचे केस कुठे खाली वाढतात, कुठे आडवे, ते बोट फिरवून आधी बघा. कुरळे केस असणाऱ्यांनी उलटा हात मारूच नये. कातडीच्या आत कापला गेलेला केस वाकून आतच वाढतो आणि लाल पुळी येते.

रेघ आधीच जबड्यावर गेली असेल तर? समजा दाढी 10 मिलिमीटर आहे आणि गळ्याचा दोन बोटांचा पट्टा साफ झालाय. दाढीचा केस दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढतो, म्हणजे दोन आठवड्यांत तिथे जेमतेम 5 मिलिमीटर येतील. तोवर योग्य रेघेच्या खालचं तेवढं काढत राहा आणि मधल्या पट्ट्याला हात लावू नका. दोन आठवड्यांनी वरची दाढी 6 वर आणा. जबड्याजवळ 5 चा गार्ड लावून वरून खाली हलकेच फिरवलात की जुनी रेघ दिसेनाशी होते. दाढी आखूड असताना खालच्या कडेला असा उतार ठेवलेला एरवीही बरा दिसतो. लांब दाढीला त्याची फारशी गरज नसते, वरचे केसच रेघ झाकतात.

गालाचं काम छोटं आहे, पण तिथेच लोक जास्त छळ करतात. कल्ल्याच्या खालून मिशीच्या टोकापर्यंत केस जिथे दाट व्हायला लागतात, तीच तुमची रेघ. तिच्या वर उगवलेले सुटे केस काढा आणि थांबा. उजवी बाजू जरा खाली वाटते म्हणून डावी उतरवायची, मग डावी खाली गेली म्हणून उजवी, या खेळात गालावर नुसती पट्टी उरते. दोन्ही गाल मुळात सारखे नसतातच. सारखेपणा हवाच असेल तर दोन पावलं मागे जाऊन, बोलण्याच्या अंतरावरून आरशात पाहा. तिथून जो फरक दिसत नाही, तो कापायचा नाही. गाल विरळ असेल तर रेघ अजिबात धारदार करू नका. विरळ केसांवर कडक रेघ मारली की आतली मोकळी जागा अधिकच डोळ्यांत भरते. तिथे ट्रिमर गार्डसकट वापरून कड मऊच ठेवावी. आणि नव्याने वाढवत असाल तर पहिले तीन-चार आठवडे गालाला हातच लावू नका, कारण दाट भाग कुठून सुरू होतो हे तोवर कळत नाही. गळा मात्र दुसऱ्या आठवड्यापासून साफ ठेवायला हरकत नाही. पुढे दर दोन-तीन दिवसांनी रेझर फिरवला की रेघ टिकते.