तेवढ्यात लाईट गेली

(माध्यमिक शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एक काम चालू आहे, मध्येच दुसरं काही घडलं. अशा वेळी इंग्रजीत अपूर्ण भूतकाळ कुठे वापरायचा आणि साधा कुठे, हे एका छोट्या गोष्टीतून शिकवता येतं. ती गोष्ट आज तुम्हाला करून दाखवायची आहे. पण आधी रिकाम्या जागांबद्दल बोलतो, कारण आपलं घोडं तिथेच अडतं.

आपण मुलांना सांगतो, वाक्यात ‘व्हाइल’ दिसलं की आयएनजी लावा, ‘व्हेन’ दिसलं की साधा भूतकाळ. मुलं खुणा बघून जागा भरतात, मार्क मिळतात. आता ही दोन वाक्यं ऐका. ‘व्हेन द गेस्ट्स केम, मदर वॉज मेकिंग टी.’ ‘व्हेन द गेस्ट्स केम, मदर मेड टी.’ दोन्हींत ‘व्हेन’ आहे आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात पाहुणे आले तेव्हा आधण आधीच ठेवलेलं होतं. दुसऱ्यात पाहुणे आले, मग आईनं चहा केला. रिकाम्या जागेत यातलं एकच उत्तर बरोबर धरतात, आणि दुसरं लिहिणाऱ्या मुलीचा मार्क जातो. ती चुकलेली नसते, तिनं वेगळा प्रसंग डोळ्यापुढे आणलेला असतो! मला याचा मनापासून राग येतो. सुटं वाक्य कोणता प्रसंग हे सांगतच नाही, तो गोष्टीतून कळतो.

बरं, हा भेद मुलांना नवा आहे का? मुळीच नाही. ‘मी जेवत होतो, तेवढ्यात फोन वाजला’ हे चार वर्षांचं पोरही बिनचूक सांगतं. ‘तेवढ्यात’च्या अलीकडे ‘जेवत होतो’, पलीकडे ‘वाजला’. मग अडतं कुठे? मराठी आणि इंग्रजी जिथे जुळत नाहीत तिथे. वह्यांत सगळ्यात जास्त दिसतं ते असं: ‘ग्रँडफादर हॅड सॅट ऑन द स्विंग.’ का लिहितो मुलगा असं? कारण आपण ‘आजोबा झोपाळ्यावर बसत होते’ म्हणत नाही, ‘बसले होते’ म्हणतो. तसंच ‘झोपले होते’, ‘निळी साडी नेसली होती’. रूप पूर्ण झालेल्या क्रियेचं, पण अर्थ त्या वेळी चालू असलेल्या स्थितीचा. इथे इंग्रजीला ‘वॉज सिटिंग’, ‘वॉज स्लीपिंग’, ‘वॉज वेअरिंग’ लागतं. मी ही यादी वर्गात भिंतीवर लावतो.

उलटंही होतं. ‘लहानपणी आम्ही नदीवर जात होतो’ ही सवय आहे, तिथे मूल ‘वी वर गोइंग’ लिहितं. हवं ‘वी वेंट’ किंवा ‘वी यूज्ड टू गो’.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली आहेत. तेव्हा गोष्ट भराभर घेऊ.

संध्याकाळ, एक घर. फळ्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात चित्र उभं करायचं, अजून काही घडवायचं नाही. ‘इट वॉज रेनिंग. आई वॉज मेकिंग भाकरीज. ग्रँडफादर वॉज स्लीपिंग. मीना वॉज डूइंग हर होमवर्क.’ मधल्या रकान्यात एकच वाक्य, ‘तेवढ्यात’चं: ‘सडनली, द लाइट्स वेंट आउट.’ तिसऱ्यात त्यानंतर ओळीनं काय झालं ते, सगळं साध्या भूतकाळात: ‘मीना स्क्रीम्ड. ग्रँडफादर वोक अप. आई लिट अ कँडल.’

मग मुलांना एकच प्रश्न विचारायचा: हे लाईट जायच्या आधीच सुरू होतं, की नंतर सुरू झालं? आधीपासून चालू असेल तर पहिला रकाना, नंतर सुरू झालं असेल तर तिसरा. आता एक वाक्य हलवून बघा. ‘व्हेन द लाइट्स वेंट आउट, आई वॉज लाइटिंग अ कँडल.’ मुलं लगेच विचारतात, लाईट असताना मेणबत्ती कशाला? मग एखादी म्हणते, देवापुढे लावत असेल! गोष्टच बदलली, आणि ती क्रियापदाच्या रूपानं बदलली हे मुलांनी स्वतः पकडलं.

आणखी एक विचारा: आईच्या भाकरी झाल्या का? ‘वॉज मेकिंग’ त्याबद्दल काहीच सांगत नाही. मेणबत्तीच्या उजेडात झाल्या असतील किंवा तव्यावरची करपली असेल. ते सांगायला पुढचं वाक्य लागतं, आणि ते मुलांनीच लिहायचं.

शेवटचं, घाईत. काही क्रियापदं आधीपासून चालू असली तरी आयएनजी घेत नाहीत. ‘मीनाला माहीत होतं’ म्हणजे ‘मीना न्यू’, ‘वॉज नोइंग’ नव्हे. ‘तिच्याकडे टॉर्च होता’ म्हणजे ‘शी हॅड अ टॉर्च’. ही वाक्यं पहिल्याच रकान्यात बसतात, पण साध्या रूपात. म्हणून ती पहिल्या तासाला गोष्टीत आणू नका. तीन रकाने मुलांच्या हातात बसले की दुसऱ्या तासाला मीनाला टॉर्च द्या.